अमर्याद सुधारणा

‘अमर्याद सुधारणा’ हे दोन शब्द माझ्या पानावर कुणी लिहिले म्हणाल, तर आमच्या भावजींनी. सही माझी, घाम माझा, अक्कल त्यांची.

आधी सांगते माझं काय ते. वीस वर्षं मी एका स्टुडिओत जुने फोटो दुरुस्त करायचे. आधी बारीक ब्रशनं, मग कॉम्प्युटरवर. मालकानं स्टुडिओ बंद केला आणि मी घरातल्या खिडकीपाशी टेबल लावून बसले. कामं मिळतात एका साइटवर. तिथं आपल्या कामाची पॅकेजेस मांडायची, गिऱ्हाईक ती वाचून ऑर्डर देतं, काम देणंघेणं सगळं तिथंच. घर त्या पानावर चालतं. नवऱ्याची नोकरी आज आहे, उद्या नाही, त्यामुळे त्या पानाला मी पोटच्या पोरासारखं जपते.

पान मांडायला भावजी बसले. ते मोबाइलचे प्लॅन विकतात, म्हणजे स्वतःच्या मते जगातलं सगळंच विकू शकतात.

“वहिनी, तुम्ही फक्त चहा टाका. लोक काय वाचतात ते मला विचारा.”

मी चहा टाकला. तेवढ्यात त्यांनी तिन्ही पॅकेजेस भरून टाकली. साधं, मधलं आणि खास. साध्यात ‘एक फोटो’. मधल्यात ‘एक फोटो, उत्तम दर्जा’. खासमध्ये ‘एक फोटो, सर्वोत्तम दर्जा’. साधं तीन दिवसांत, मधलं दोन दिवसांत, खास एका दिवसात. म्हणजे काम जितकं अवघड तितका वेळ कमी! आणि वर एक ओळ ठोकून दिली: ‘तुम्हाला हवा तसा फोटो करून मिळेल. सुधारणा अमर्याद.’

“भावजी, अमर्याद म्हणजे?”

“अहो, कोण मागतंय? शेजारच्या पानावर बघा, सगळ्यांनी लिहिलंय. नाही लिहिलं तर लोक म्हणतील, ह्या बाईंना स्वतःच्या कामाचा भरवसा नाही.”

मला पटलं, हाच माझा गाढवपणा.

पहिले काही महिने बरे गेले. नाही म्हणायला एकानं ‘एक फोटो’ म्हणून अख्ख्या कचेरीचा फोटो पाठवला. त्रेपन्न माणसं! आणि प्रत्येकाचे डोळे स्पष्ट दिसायला हवेत. एकीनं एका पानावर चिकटवलेले नऊ फोटो ‘एक फोटो’ म्हणून धाडले. ह्या दोन्ही ऑर्डरी मी चिडून रद्द केल्या. तेव्हा कळलं की रद्द केलेली ऑर्डर आपल्याच नावावर बसते. अजून एक रद्द झाली की साइटनं माझ्या नावापुढं लावलेला भरवशाचा बिल्ला जाणार होता, आणि बिल्ला गेला की पान घसरतं तळाला. तिथवर कोण बघायला जातंय!

अशात ते गिऱ्हाईक आलं.

फोटो बघताक्षणी मला आवडला होता, खोटं कशाला बोलू. खुर्च्यांवर आई आणि बाबा. मागं दोन मुलगे, थोरला आणि धाकटा. आणि पुढं चारेक वर्षांची मुलगी, आईचं बोट घट्ट धरलेली. पाण्यानं कोपरा गेलेला, मधे घडी पडून चीर. खाली गिऱ्हाइकानं लिहिलं होतं: ‘आई गेली, तिचा हा एकच फोटो आहे. मूळ प्रत भिजून गेली, हा स्कॅन तेवढा उरलाय. मागं थोरला उभा आहे तो मी.’

मी जीव ओतून काम केलं. आईच्या गालावरून चीर गेली होती, ती बुजवायलाच एक दुपार गेली. काम पाठवलं. तीन दिवसांत त्यानं काही मागितलं नसतं, तर ऑर्डर आपोआप पूर्ण झाली असती.

दुसऱ्या दिवशी पहिली सुधारणा आली. ‘माझा चेहरा जरा उजळ करा.’ केला.

दुसरी सुधारणा. ‘धाकटा हललेला दिसतो. तो काढूनच टाका.’

तो तसूभरही हललेला नव्हता. मी तसं लिहिलं. त्यानं उत्तर दिलं, ‘हवा तसा फोटो मिळेल असं तुम्हीच लिहिलंय.’ मी धाकट्याला काढलं. मागची भिंत भरली.

तिसरी. ‘मुलगी काढा. पुढं गर्दी वाटते.’

चार वर्षांच्या पोरीची गर्दी! मी साइटच्या मदत विभागाला लिहिलं, की हे दुरुस्तीचं काम नाही, ह्यातून मला सोडवा. त्यांचं उत्तर गोड होतं. ‘आपल्या पॅकेजमध्ये सुधारणा अमर्याद आहेत आणि कामाची व्याप्ती ग्राहकाच्या इच्छेनुसार, असं नमूद आहे. आपण ऑर्डर रद्द करू शकता.’ रद्द केली की बिल्ला गेला. म्हणजे माझ्याच पानानं माझा गळा धरलेला.

मी त्या पोरीला पुसलं. हो, पुसलं. फ्रॉक, मोजे, कपाळावरची कापलेली झुलपं, सगळं.

चौथी सुधारणा काय आली असेल? ‘आईच्या हातात काहीतरी राहिलंय.’

मोठं करून बघितलं. तिची बोटं राहिली होती. आईच्या बोटाभोवती तीन इवलीशी बोटं, अंगाशिवाय. मी खुर्ची मागं सारली आणि जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग परत आले आणि तीही काढली. आईचा हात मांडीवर मोकळा ठेवला.

पाचवीत त्याला स्वतःला मधोमध उभं राहायचं होतं. सहावीत आईचा चेहरा त्याच्याकडे वळवून हवा होता. मेलेल्या बाईची मान मी वळवली! शी! त्या आठवड्यात मला माझ्याच माऊसला हात लावावासा वाटेना.

मधल्या काळात मी भावजींना बोलावून झापलं.

“तुमच्या दोन शब्दांपायी मी पोरंबाळं पुसत बसलेय.”

“अहो वहिनी, एवढं काय मनाला लावून घेता? फोटोच आहे तो. आणि आजच्या आज बदलून टाकू ना पॅकेज.”

“बदललं तरी चालू ऑर्डर जुन्याच अटींवर चालते, हे माहीत आहे का तुम्हाला?”

नव्हतं माहीत. चहा अर्धा ठेवून ते उठले.

पान मी एकटीनं परत मांडलं. साधं पॅकेज: एक फोटो, दोन चेहऱ्यांपर्यंत, डाग आणि ओरखडे, तीन दिवस, सुधारणा एक. मधलं: सहा चेहऱ्यांपर्यंत, फाटलेला भाग भरणं, पाच दिवस, सुधारणा दोन. खास: बारा चेहऱ्यांपर्यंत, काळ्यापांढऱ्याला रंग, आठ दिवस, सुधारणा तीन. खाली ठळक लिहिलं: ‘केलेल्या कामातली चूक नीट करणं म्हणजे सुधारणा. नवीन मागणी म्हणजे सुधारणा नव्हे. फोटोतलं माणूस काढलं जाणार नाही, नसलेलं घातलं जाणार नाही.’ उशीर किती झालाय ते मला कळत होतंच.

सातव्या खेपेला त्या माणसाचं समाधान झालं. पाच तारे दिले. वर फोटो सगळ्यांना दाखवायची परवानगीही दिली, त्यामुळे त्याच्या अभिप्रायाखाली तो माझ्याच पानावर झळकायला लागला. आई, बाबा आणि मधे हा, एकुलता एक. बघेल तो म्हणायचा, काय सफाई आहे! मला मात्र बघताना शिसारी यायची. तरी मी तो फोटो काढला नाही. कामं त्याच्यामुळे येत होती ना.

महिन्यानं एका बाईचा निरोप आला.

‘दादानं घरच्या ग्रुपवर आईचा फोटो टाकला आणि तुमच्या पानाची लिंक दिली. त्या फोटोत मी होते. आईचं बोट धरून. दादा म्हणतो, तू लहान होतीस, तुला काय आठवणार, तू नव्हतीसच. धाकटा भाऊ तर बोलतच नाही कुणाशी. मला एवढंच सांगा, मी होते ना?’

मी सकाळभर त्या ओळींसमोर बसून होते. एकाचं काम दुसऱ्याला दाखवायचं नाही, हा साइटचा साधा नियम. दादानं तक्रार केली असती तर बिल्लाच काय, अख्खं पान गेलं असतं. भाजी चिरायला घेतली आणि तशीच टाकली. शेवटी लिहिलं, ‘मधलं पॅकेज घ्या. पाच चेहरे आहेत.’

चेहऱ्यांचा आकडा वाचूनच तिला कळलं असणार. तासाभरात ऑर्डर आली.

जुन्या ऑर्डरच्या पानावर मी पाठवलेलं पहिलं काम तसंच होतं. सगळे पाचजण, चीर बुजवलेली, बोट धरलेलं. मुदत पाच दिवसांची होती, मी पाच मिनिटांत पाठवून दिलं. ती लिहीत सुटली. ‘माझा फ्रॉक! मला वाटायचं मीच मनानं रचलंय. ताई, तुमचे उपकार कसे फेडू?’ इतक्या दिवसांनी मला माझ्या हातांची लाज वाटली नाही. भावजींना फोन करून सांगावंसंही वाटलं, म्हणजे बघा.

चार वाजता सुधारणेची मागणी आली.

‘ताई, खूपच सुंदर झालाय. आता फक्त दोघे भाऊ काढून द्या. मी आणि आईबाबा एवढेच ठेवा. फ्रेम करून दादाला पाठवायचाय.’

दोघे भाऊ. धाकट्यानं काय घोडं मारलं होतं हिचं? तोही हिच्यासारखाच पुसलेला. तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांच्यासाठी मी माझं पान पणाला लावलं! सगळी एकाच माळेची!

मी माझी ठळक ओळ उचलून तिला चिकटवली: फोटोतलं माणूस काढलं जाणार नाही.

उत्तर लगेच आलं. तिनं माझ्याच पानावरचा तो फोटो खाली जोडला होता. आई, बाबा आणि मधे दादा.

‘ह्यातून मला कुणी काढलं? त्याला करून दिलंत. मला का नाही?’

अटींची ओळ परत वाचून बघितली. ती नवीन होती, तिच्या दादाच्या नंतरची. तिला ते सांगता आलं असतं. पण चार वर्षांच्या पोरीला काय सांगायचं, की तुला पुसलं तेव्हा आमचं पॅकेज वेगळं होतं?

‘त्यालाही द्यायला नको होतं,’ असं लिहिलं. ह्या ओळीचा फोटो काढून तिनं दादाला किंवा साइटला दाखवला, की माझं पान संपलं, हे माहीत असून पाठवलं. मग माझ्या पानावर गेले आणि तो पाच ताऱ्यांचा फोटो काढून टाकला.

तिची एक सुधारणा अजून शिल्लक आहे.