उरलेल्या पैशांची जाकिटं

"'सढळ हाताने मदत करा' म्हणजे नेमकी कशासाठी?" छापखान्यातल्या काकूंनी आमच्या उत्सव मंडळाचं वर्गणीचं पत्रक माझ्यापुढे आपटलं. चरफडत मी तिथेच नवं लिहायला बसलो. मांडव अठरा हजार, रोषणाई सात, मुलांची बक्षिसं चार. वर्गणी ऐच्छिक. 'न देणाऱ्यांची नावं फलकावर लावू' ही माझीच ओळ खोडली.

"गेल्या वर्षीच्या पत्रकातल्या त्याच ओळीला घाबरून मीही दोनशे दिले होते," काकू म्हणाल्या. "उरलेले दवाखान्याला देणार होतात ना? त्यांचं काय झालं, तेही लिही."

मान खाली घालून मी लिहिलं: 'गेल्या वर्षी उरलेल्या सहा हजारांतून कार्यकर्त्यांना जाकिटं घेतली. चुकलं.'

मग अंगातलं जाकीट काढायला लागलो.

"असू दे रे," काकू म्हणाल्या, "बाहेर गारठा आहे."