नुसताच नंबर

सकाळी साडेनऊला मेसेज आला तेव्हा ताई खुर्चीत धड टेकलीही नव्हती. ना नमस्कार, ना नाव, ना गाऱ्हाणं. नुसता नंबर, चार शून्य सात एक. तिनं तो वाचला, सुस्कारा सोडला आणि संध्याकाळच्या यादीत उतरवून टाकला.

ऑफिस कसलं, एक खोली होती. एका भिंतीला परत आलेली ऑक्सिजनची मशीनं, दुसरीला सिलिंडर, मधोमध ताईचं टेबल. ज्यांना घरी ऑक्सिजन लागतो त्यांना मशीन पोचवायचं, बिघडलं तर दुरुस्त करून द्यायचं, गरज संपली की परत आणायचं, एवढाच धंदा. जोडीला विजेवर खाली-वर होणारे थोडे पलंगही भाड्यानं द्यायचे. गाडी एक आणि टेक्निशियनही एकच. त्याच्या खिशात कायम पाना असायचा म्हणून सगळे त्याला पान्या म्हणायचे. मेसेज वाचून कुठलं काम आधी आणि कुठलं मागून हे ताई ठरवायची. आठ वर्षं हेच करून तिचं डोकं पार उठून गेलं होतं, पण मेसेज बघितल्याबरोबर माणसाला काय हवंय ते तिला कळायचं.

मशीन बिघडलं तर माणसं लिहीत बसत नाहीत, फोन करतात आणि अख्खी गल्ली ऐकेल असं बोलतात. मशीन अजून महिनाभर ठेवायचं असेल तर मेसेज 'मॅडम प्लीज'नं सुरू होतो. आणि मागेपुढे चकार शब्द न लिहिता नुसता मशीनवरचा नंबर आला, तर समजायचं की त्या घरातलं माणूस गेलं आणि आता मशीन उचलून न्या. अशा वेळी कोणाच्यानं लिहवतंय? नजर जाते त्या मशीनकडे, बोटं नंबर टाकतात, झालं.

सुरुवातीला ती विचारायची. एका घरी तिनं भोळेपणानं लिहिलं होतं, "मशीनला काय झालंय?" मुलीचं उत्तर आलं, "मशीनला काही नाही झालं. बाबांना झालं." ताई त्या दिवशी जेवली नाही. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. नुसता नंबर आला की विचारायचं नाही, घाई करायची नाही. दिवसभर त्या घराला त्याचं त्याचं रडू द्यायचं आणि संध्याकाळी पान्यानं जाऊन गुपचूप मशीन आणायचं. याला ती माणुसकी समजायची. आणि खरं सांगायचं तर त्यात एक फोन वाचायचाही, नाही कशाला म्हणा.

त्या दिवशी फोनला उसंत नव्हती. एका बाईंच्या आईचा पलंग अर्धा वर जाऊन अडकला होता आणि आई त्यावर तिरकी बसून सुनेला नावं ठेवत होती. पान्या तिकडे निघाला होता. ताई त्याला पत्ता सांगत होती तेवढ्यात, अकराला दहा कमी असताना, पुन्हा मेसेज आला. चार शून्य सात एक.

"काय झालं ताई? मध्येच गप्प का?" पान्या फोनवर म्हणाला.

"सकाळचाच नंबर परत आलाय."

"मग? न्यायचंय ना संध्याकाळी?"

ताई स्क्रीनकडे बघत राहिली. आठ वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. ज्या घरातलं माणूस गेलंय, ते घर मशीनसाठी दुसऱ्यांदा आठवण करत नाही. मशीन पडून राहिलं तरी त्यांचं काय जातंय? घाई असते ती ज्याला श्वास हवाय त्याला.

"थांब तिथंच," ती पान्याला म्हणाली आणि मेसेज आला होता त्या फोनवर तिनं फोन लावला.

फोन उचलला गेला, पण पलीकडे कोणी बोललं नाही. मशीनचा अलार्म तेवढा ऐकू येत होता, टूं, टूं, टूं, आणि त्याच्या मागे कोणीतरी धापा टाकत होतं.

"बोलू नका," ताई म्हणाली. "एक शब्दही बोलू नका. मी मेसेज करते. हो असेल तर एक पाठवा, नाही तर दोन."

'मशीनवर पिवळा दिवा आहे?' एक. म्हणजे मशीन चालू होतं, हवाही फेकत होतं, पण त्या हवेत पुरेसा ऑक्सिजन नव्हता. 'ॲम्ब्युलन्स पाठवू?' दोन. 'जवळ कोणी आहे?' दोन. 'मशीनबरोबर दिलेलं छोटं सिलिंडर हाताला लागतंय?' एक.

'त्याला चावी अडकवलीय. ती डावीकडे फिरवा. फिरली?' दोन.

'दोन्ही हातांनी. सावकाश.'

उत्तर येईना. दुसऱ्या फोनवरून तिनं पान्याला सांगितलं, पलंग राहू दे, गाडी फिरव. पान्यानं कारण विचारलं नाही. मिनिटभरानं स्क्रीनवर एक उमटला.

'आता नळी मशीनची काढून सिलिंडरला लावा. काटा दोनवर ठेवा. नाकाशी हवा लागतेय?'

ताईचं सगळं लक्ष त्या चौकोनात. टेबलावर दुसरे तीन फोन बोंबलत होते. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. आता ॲम्ब्युलन्सला सरळ फोन करावा, त्यांचं दोन गेलं खड्ड्यात, असं ठरवून तिनं नंबर दाबायला घेतला आणि एक आला. ताईच्या जिवात जीव आला. तिनं डोकं टेबलावर टेकलं आणि तशीच पडून राहिली.

पान्या तासाभरानं पोचला. मशीनची जाळी धुळीनं गच्च भरली होती. दुसरं मशीन लावून त्यानं फोन पेशंट असलेल्या काकांच्या हातात दिला. आवाज थकलेला होता, पण शब्द सुटे येत होते.

"बाई, नंबर पोचला होता ना तुम्हाला? साडेनऊला?"

"पोचला होता, काका."

"मशीनवर तुम्हीच चिकटवलंय, अडचण आली तर हा नंबर पाठवा म्हणून. बोलायला दम नव्हता, म्हणून तेवढाच पाठवला. मग दीड तास काय केलंत?"

ताईला थाप मारता आली असती. लाइन बिझी होती, नेट नव्हतं, लोकांना रोज सांगतो ते काहीही. पण तिला आता तेवढाही उत्साह राहिला नव्हता.

"नुसता नंबर आला की आम्ही धरून चालतो, की पेशंट गेला," ती म्हणाली. "घरचे मशीन परत न्या म्हणताहेत असं समजतो. मी तुमचं नाव संध्याकाळच्या यादीत घातलं होतं. चुकलं माझं, काका."

काका रागावतील, शिव्या देतील, मालकाचा नंबर मागतील, या सगळ्याला तिची तयारी होती.

"पण बाई," काका म्हणाले, आणि त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता, "मी गेल्यावर नंबर पाठवणार कोण?"

मग तुमच्या माणसाला पाणी देतो म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तिनं कॉम्प्युटरवर त्यांची नोंद उघडली. पेशंटचा फोन, नातेवाइकाचा फोन. दोन्ही रकान्यांत एकच नंबर होता, आणि भरला होता तिनंच, तीन महिन्यांपूर्वी. तेव्हा काकांनी जवळचं कोणी नाही म्हणून सांगितलं होतं, आणि रकाना रिकामा राहिला तर कॉम्प्युटर पुढे जाऊ देत नाही, म्हणून.

मग तिनं बाकीच्या नोंदी उघडल्या. दोन्ही रकान्यांत एकच नंबर असलेले अजून अकरा पेशंट निघाले. पलंगवाल्या बाईंचा चौथ्यांदा फोन आला. ताईनं तो वाजू दिला आणि त्या अकरातल्या पहिल्याला फोन लावला.