दोन मिनिटांत सात पिढ्या

सकाळपासून नुरझादाने नऊ वेळा स्वतःची ओळख करून दिली होती आणि नवव्यांदाही घड्याळाने तिला मधेच गाठलं. तिसरं मिनिट सरत आलं तरी ती शाळेच्या आभारापर्यंतच पोचली होती.

माझी ही नात, मला आपा म्हणते. अल्माटीच्या एका विद्यापीठात जनावरांची डॉक्टर व्हायला निघालेली. शिष्यवृत्तीच्या अर्जात सगळं भरून झालं होतं, राहिली होती दोन मिनिटांची चित्रफीत. आपण कोण, काय करायचंय, का करायचंय, एवढं रशियनमध्ये सांगायचं. कागद बघून वाचायचं नाही, मधे कापाकापी नाही. दोन मिनिटांच्या वर एक सेकंद गेला तरी फाइल चढतच नाही. मुदत आज संध्याकाळी पाचची.

मजकूर मी लिहून दिला होता. चौतीस वर्षं रशियन शिकवलेली बाई, मी नाही लिहिणार तर कोण? आमच्यात माणूस ओळख सांगतो ती सात बापांपासून. एसेनबेकची मुलगी, एसेनबेक झापारचा, झापार सुयुनबायचा, असं सातव्यापर्यंत. माझ्या लहानपणी सात नावं न येणाऱ्या पोराला म्हातारे घोड्यावर बसू देत नसत. नावं झाली की गावाला नमस्कार, गुरुजनांचे आभार, आणि शेवटी देशाची सेवा करीन. याहून चांगलं काय लिहितात?

आम्ही गावच्या वाचनालयात बसलो होतो, कारण नेट तिथलंच बरं. फोन जुन्या विश्वकोशाच्या खंडांना टेकवून ठेवला होता. वाचनालय सांभाळणारी तुर्सुनाय माझी जुनी विद्यार्थिनी, अजून मला एजेके, म्हणजे 'बाई', म्हणते. ती वेळ मोजत होती.

"एजेके, सात बापांनाच पन्नास सेकंद लागतात," ती म्हणाली. "शिष्यवृत्ती त्यांना मिळायची आहे का?"

मी तिला वर्गात धरायचे तसं नजरेने धरलं, पण ती आता पन्नाशीची आहे. बधली नाही. शेवटी मी मजकुरातून आधी नमस्कार काढला, मग आभार काढले. नुरझादा पुन्हा उभी राहिली. या वेळी दोन मिनिटं सहा सेकंद. पोरीचा आवाज बसला होता. तोंडून शब्द बाहेर पडत होते, डोळ्यांत मात्र काही नव्हतं. तुर्सुनायने सूचनांचा कागद पुन्हा वाचला आणि म्हणाली की देशाची सेवा तर सगळेच करणार म्हणतात, हिलाच का डॉक्टर व्हायचंय ते यात कुठे आहे?

ते यात नव्हतं. मीच घेतलं नव्हतं.

पहिल्या खर्ड्यात नुरझादाने ते लिहिलं होतं. शाळा सुटल्यावर मी वसंतात व्यायला आलेल्या मेंढ्या उघड्या हातांनी सोडवायचे. एका वर्षी अकरा मेंढ्यांचे गाभ पडले. त्यानंतर माझा ताप महिनोन्महिने येत-जात राहिला आणि सांधे धरले ते कायमचे. मेंढ्यांचाच रोग तो, कच्च्या दुधातून नि वारेतून माणसाला लागतो. लस असते, पण आमच्याकडे ती वेळेवर टोचणारं कोणी नव्हतं. त्या ओळींवर मी रेघ मारली होती. घरातलं दुखणं बाहेर सांगायचं नसतं, आणि हे तर मुळीच नाही. कळलं तर लोक आमच्या घरचा कुरुत, म्हणजे दह्याचे वाळवलेले गोळे, घ्यायचे बंद होतील. तुर्सुनायसुद्धा घेते.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. नुरझादा खुर्चीवर बसून राहिली, उठेना.

"आपा, मी खोटं बोलत नाहीये," ती म्हणाली. "पण खरंही काही बोलत नाहीये."

फार थकले होते मी. भांडायचं बळ नव्हतं, म्हणून असेल, किंवा तिने माझ्या बोटांकडे पाहिलं म्हणून.

"बोल," मी म्हटलं. "पहिलं होतं तसं बोल."

"आणि सात बाप?"

"ते कुठे जातात? इतकी वर्षं थांबलेत."

ती उभी राहिली. म्हणाली, "माझं नाव नुरझादा. मला माझ्या आजीने वाढवलं. तिचं नाव बातमाकान." सात बापांत बाईचं नाव कधी नसतं. माझं नाव असं ओळखीत घेतलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग ती माझे हात, त्या अकरा मेंढ्या, लस, तालुक्यात एकच पशुवैद्य, शिकून परत येऊन वसंताच्या आधी गावोगाव लस टोचायचं, असं सगळं सावकाश सांगत गेली. दोनदा अडखळली. मी तुर्सुनायकडे पाहिलंच नाही.

"एक मिनिट बावन्न," तुर्सुनाय म्हणाली.

फाइल चढायला सतरा मिनिटं लागली. अर्ज मिळाला असं पडद्यावर आलं. निकाल दोन महिन्यांनी. नुरझादा टेबलावर डोकं ठेवून तशीच झोपली.

तुर्सुनायने चहा ओतला. कप मला नीट धरता येत नाही, म्हणून तिने तो माझ्या हातात न देता समोर ठेवला आणि त्याचा कान माझ्या बाजूला वळवला. मग म्हणाली की कुरुतासाठी दूध तुम्ही उकळता ना?

"तेव्हापासून उकळतेच," मी म्हटलं.

"मग शनिवारी नेहमीएवढा ठेवा."