पांढरी लुगडी

डोंबिवलीच्या आमच्या शिवण केंद्राबद्दल चिटणीस प्रभाकरपंत माणूस बघून बोलायचे. देणगीदारांना सांगायचे, निराधार विधवांना आसरा देतो. आम्हा फुकट शिकवणाऱ्यांना सांगायचे, हे राष्ट्रकार्य आहे. शिकायला येणाऱ्या बायकांना सांगायचे, शिवण शिका, चार पैसे कमवा. मी हटकलं की म्हणायचे, "सरोजताई, ज्याला जे रुचतं ते वाढावं."

वर्धापनदिनाला हे तिन्ही गट पहिल्यांदाच एका मांडवात आले. देणगीदार शेठजींच्या पत्नीने मोठ्या मायेने बायकांसाठी आणलेलं गाठोडं सोडलं आणि पहिलं लुगडं शिकायला येणाऱ्या रखमाबाईच्या हातात ठेवलं. पांढरं, बिनकाठाचं, विधवेचं.

रखमाबाईच्या कपाळावर आडवं कुंकू होतं. "माझा मालक जिता आहे, बाई. मोहने गावच्या कारखान्यात कामाला आहे."

शेठाणीबाईंचा चेहरा उतरला. "पण आम्हाला तर सांगितलं होतं..."

माझं डोकंच फिरलं. ते लुगडं मी पंतांच्या छातीवर आपटलं. "इथल्या बायका शिवण शिकून स्वतः कमावतात, एवढं साधं खरं तिघांनाही पुरलं असतं! आता सगळे समोर बसलेत. सांगा ना, काय सांगता?"

तीन-तीन गोष्टी रंगवणारा तो माणूस खाली वाकून लुगड्याची घडी घालत बसला.