शाबूत दाढ

"ही भरलेली दाढ उपटा, न्हायतर मी हितनं हलत न्हाय!"

दातांच्या दवाखान्यात अण्णासो गरजले. डॉक्टर संघप्रियानं गेल्याच महिन्यात त्यांची वरची दाढ भरली होती. आता म्हशीची धार काढायला वाकलं, की उजवा गाल आणि वरचे दात ठणकायचे. "पोरीनं दाढ नासवली," असं ते बाहेर बसलेल्यांनाही ओरडून सांगत होते.

संघप्रियाचे कान तापले. तरी तिनं आरशाच्या दांड्यानं एकेक दात ठोकला. भरलेली दाढ आणि तिच्या शेजारच्या, सगळ्या सारख्याच दुखत होत्या. दाढेला गार बोळा लावून पाहिला, त्याची कळ लगेच विरली, म्हणजे आतली नस ठीक होती. एक्स-रेत मुळंही स्वच्छ होती.

"काका, नाक चोंदलंय ना?"

"नाकाचं काय काढताय? दातावर बोला की!"

"दाढ बिघडली असती तर ती एकटी दुखली असती. गालाच्या हाडात पोकळी असते, सर्दीनं ती तुंबलीय. तिच्या तळाशीच ह्या दातांची मुळं आहेत, म्हणून वाकल्यावर दाब जाणवतो. वाफ घ्या. आठवड्यात उतरलं नाही, किंवा ताप आला, डोळ्याभोवती सूज आली, तर नाकाच्या डॉक्टरांकडे जा. चांगली दाढ मी उपटणार नाही."

"दुसरा उपटंल!"

तणतणत ते दारात गेले, चप्पल घालायला वाकले आणि गाल दाबून थबकले.

"आता कुठली दाढ दुखली, काका?"

त्यांनी न वाकता पायानंच चप्पल ओढली.

"वाफ किती येळा घ्यायची?" पाठ न वळवताच ते खेकसले.