चौथी कमान

बाबा लुकास यांना मोरेनिकेची आई हवेलीतून घालवायची होती, आणि सुरुवात चित्रापासून करायचं त्यांनी ठरवलं होतं. हे काही कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण मेडेइरोस घराण्यात न बोललेलं सगळ्यांना आधी कळतं.

नायजेरियातल्या लेगोस बेटावर, ब्राझीलहून परत आलेल्यांच्या जुन्या वस्तीत ती हवेली उभी आहे. गुलाबी गिलावा, खाली रस्त्याकडे तोंड केलेल्या कमानी, वर झडपांच्या खिडक्या. मूळ पुरुषाने तीन बायकांसाठी तीन कमानी बांधल्या. पुढे त्याने अयोका नावाची चौथी बायको केली. ती भजी तळून विकायची. तिने स्वतःच्या कमाईतून शेजारच्या अरुंद पट्टीवर चौथी कमान उभी केली आणि तिच्यावर एक खोली चढवली. जागाच तेवढी होती, म्हणून कमान बारीक झाली. मोरेनिके आणि तिची आई या चौथ्या शाखेतल्या. आई अजून त्याच खोलीत राहते.

कुटुंबप्रमुख बाबा लुकास पहिल्या शाखेचे. हवेलीची दुरुस्ती करून तिला 'मूळ रूप' द्यायचं, असा अर्ज ते जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी कचेरीत करणार होते, आणि अर्जाला घराचं शाईचं चित्र जोडायचं होतं. तेच चित्र घराण्याच्या कॅलेंडरवर, म्हणजे वर्षभर सगळ्यांच्या भिंतीवर. मूळ रूप म्हणजे तीन कमानी. चौथी आधी चित्रातून जाणार, मग हातोड्याने.

मोरेनिके पोटासाठी हेच करते. जुन्या घरांचे फोटो घ्यायचे, त्यांची शाई आणि पातळ रंगछटांची चित्रं करायची. तेव्हा काम तिलाच सांगणं भाग होतं, नाहीतर लोकांनी विचारलं असतं.

बाबांचा पुतण्या वुमी फोन घेऊन तिच्या खोलीवर आला. "सिस्टर, तुला काही करायचंच नाहीये. हे बघ, मशीननेच केलंय. मी घराचा फोटो दिला आणि लिहिलं, कमानी, खिडक्या, प्रमाण जसंच्या तसं ठेव. एका मिनिटात झालं. तू फक्त वरून शाई फिरव आणि सही कर."

मोरेनिकेने पाहिलं. चित्र देखणं होतं, यात वाद नाही. शाईच्या रेघा, ओघळलेली राखाडी छटा, सगळं. तीन कमानी, एकसारख्या, आरशात पाहिल्यासारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बसवलेल्या. वरच्या पाच खिडक्यांच्या सहा झालेल्या.

"चौथी कुठे गेली?"

"पहिल्यांदा चार आल्या होत्या. पण बाबा म्हणाले, शेवटची काढ. मग मशीनने उरलेली जागा भरून काढली."

"आणि जिना? जिना त्या चौथीतूनच वर जातो ना रे? या घरात माणूस शिरणार कुठून, खिडकीतून?"

वुमी हसला. मग त्याला वाटलं की हसायला नको होतं. "मला काय विचारतेस. मी सांगितलेलं करतो."

"तेच तर दुखणं आहे. मूळ फोटो ठेवून जा, आणि बाबांना सांग, चित्र मी काढीन. माझ्या हाताने, आहे तसं."

वुमीचा फोटो घेऊन ती आईकडे गेली. आई खिडकीत बसून वाल निवडत होती. गुड फ्रायडेला नारळाच्या दुधातलं फ्रेजॉन करायचं होतं, आणि या घरात त्या दिवशी सगळ्या शाखा एकत्र बसतात, मग वर्षभर एकमेकांचं तोंड न बघोत. आईने चष्मा लावून फोटो बघितला आणि तिचा चेहरा उजळला.

"बघ, बघ. आपली कमान त्यांच्याएवढीच आहे. मी जन्मभर सांगत होते. अशीच काढ, मोरेनिके. एक रेघ हलवू नकोस."

"मम्मी, तसं नाहीये ते. समोर विजेचा खांब आणि उभ्या गाड्या, म्हणून वुमी आपल्या टोकाला उभा राहिला आणि तिरका फोटो काढला. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. आपली जवळ आली म्हणून फुगली, त्यांच्या लांब गेल्या म्हणून आखडल्या. फोन वर कलवून धरलाय, म्हणून भिंतीही वर जाऊन आत झुकल्यात. हे गिरवलं तर घर खोटं होईल."

"आपल्या बाजूने खोटं होत असेल तर तुझं काय जातं?"

"माझं चित्र जातं."

आईने वाल परातीत आपटले. "वा. ते आपल्याला पुसायला निघालेत, आणि माझी लेक आपल्याला बारीक करायला निघालीय. सगळ्या गल्लीला सांगितलंय मी, या वेळी आपली कमान बरोबरीची दिसणार म्हणून. तोंड कुठे लपवू?"

मोरेनिकेला रडू आलं, रागही आला. बाबांवरचा राग सोपा होता, तो कपाळावर घेऊन फिरता येत होता. हा आईवरचा मात्र गिळावा लागला. ती खाली उतरली आणि पट्टी घेऊन भिंतीशी भिडली. प्रत्येक कमानीची रुंदी, दोन कमानींमधल्या खांबांची जाडी, जिथून कमान वळायला लागते तिथपर्यंतची उंची, खिडकी कुठल्या कमानीच्या मध्यावर येते आणि कुठली येत नाही. आईची खिडकी चौथीच्या मध्यावर नाहीच, जराशी डावीकडे आहे. जिन्यामुळे सरकवलेली. तेही तिने टिपलं.

मग मोठा कागद, अगदी टेबलाबाहेर जाणारा. एका फुटाला कागदावर किती, हे ठरवून तिने पेन्सिलीने आधी उभ्या रेषा सरळ उभ्या केल्या, मग मापं बसवली. मापं भिंतीवरून घेतली. फोटोवरून घेतलं ते ऊन, झडपांच्या पट्ट्या, कमानीच्या माथ्यावरचं गिलाव्याचं फूल, उडालेले पोपडे. वर शाई, पाण्याने न हलणारी. ती पुरती सुकू द्यायची, नाहीतर छटा फिरवली की रेघ पसरते. एप्रिलची दमट हवा, काही सुकेना. पंख्यासमोर कागद धरून बसावं लागलं. मग पाण्यात विरघळवलेली शाई, आधी अगदी फिकी, सुकली की तिच्यावर जरा गडद. खिडक्यांच्या चौकटी कोऱ्या कागदाच्याच सोडलेल्या. कमानींच्या पोटातला अंधार सगळ्यात शेवटी, वर दाट, जमिनीकडे विरत गेलेला.

चौथी कमान बारीक झाली. जशी आहे तशी. मोरेनिकेने ती ना काढून टाकली, ना फुगवली.

गुड फ्रायडेला चर्च आटोपून सगळे हवेलीत जमले. बाबा लुकास जिन्यावरून वर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या अगबाड्याची, त्या घोळदार झग्याची, रुंद बाही चौथ्या कमानीच्या कडेला अडकली, नेहमीसारखी. त्यांनी ती झटकून सोडवली, तीही नेहमीसारखीच. फ्रेजॉन आणि माशाचा रस्सा झाल्यावर टेबल साफ झालं. बाबांनी वुमीचं छापून आणलेलं चित्र एका बाजूला ठेवलं. मोरेनिकेने आपला कागद दुसऱ्या बाजूला पसरला.

बाबांनी तो नीट पाहिलाही नाही. "छान हात आहे तुझा. पण बाई, तू चौथ्या शाखेची. तुझ्या आईने गल्लीभर सांगितलंय की तुमची कमान बरोबरीची दिसणार. वुमीच्या फोटोतही ती फुगलेलीच आहे. म्हणजे तू ती मोठी केली असणार. आपल्या सोयीने काढलेलं चित्र सरकारी अर्जाला लावून मी घराण्याची अब्रू घालवू?"

"मापून बघा," मोरेनिके म्हणाली.

"बघणारच. फिलोमेना, तुझी फीत दे."

दुसऱ्या शाखेच्या आँटी फिलोमेना शिवणकाम करतात. मापाची फीत सणालाही त्यांच्या गळ्यात असते. त्या उठल्या. "तुम्हाला कशाला बाबा, वाकवणार नाही तुमच्याने. मीच मापते, आणि मोठ्याने सांगते. नंतर कुरकुर नको."

त्या वुमीला घेऊन खाली गेल्या. मोरेनिकेची आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. खालून आवाज आला, "तिसरी कमान, साठ इंच. चौथी, पस्तीस."

त्या धापा टाकत वर आल्या आणि फीत कागदावर ठेवली. "इथे तिसरी सहा इंच. चौथी साडेतीन. साठाचे सहा, पस्तिसाचे साडेतीन. बाबा, पोरीने पदरचं काही घातलं नाही."

मोरेनिकेच्या आईने तोंड वळवलं. ती उठून टेबलापाशी आली, वाकली, आणि आपली बारीक कमान बघत राहिली.

"मला लबाडी करायचीच असती," मोरेनिके म्हणाली, "तर ती इथेच केली असती. फोटोने ताटात वाढून ठेवली होती. माझ्या सख्ख्या आईने मागितली होती. तिला नाही म्हणाले, बाबा. तुम्हालाही नाहीच म्हणते."

"मूळ घराला तीनच कमानी होत्या," बाबा म्हणाले. आवाज पहिल्याइतका मोठा नव्हता.

"होत्या. मग चौथी झाली. मी चित्र आजच्या घराचं काढलंय."

आँटी फिलोमेनांनी फीत गळ्यात घातली नव्हती. ती त्यांनी वुमीच्या चित्रावर ठेवली. "आता हेही मापू. सगळ्यांसमोर." वुमी खाली बघू लागला. "पहिली आठ, दुसरी आठ, तिसरी आठ. ही तिसरी? खरी तिसरी साठ इंच आहे, आमची दुसरी पासष्ट, आणि पहिली सत्तर. मी आत्ताच मापून आले. यात आमच्या शाखेची कमानसुद्धा आमची नाही, बाबा. आज हिची गेली. उद्या माझी मोजायला कुणाकडे जाऊ?"

तिसऱ्या शाखेचे लोक, जे आजवर रस्सा खाण्यापलीकडे कशात पडले नव्हते, त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. बाबांनी चौफेर बघितलं. घराण्यात कुटुंबप्रमुख मोठा असतो खरा, पण तीन शाखा एकीकडे झाल्या की त्याला अर्ज एकट्याने करता येत नाही. हे त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं.

"कॅलेंडरवर हेच जाईल," फिलोमेना म्हणाल्या, "आणि अर्जालाही हेच."

तिसऱ्या शाखेच्या लोकांनी माना डोलावल्या. बाबांनी टोपी उचलली आणि जिना उतरू लागले. मोरेनिकेची आई खिडकीशी गेली, झडप ढकलली आणि खाली वाकली. बाबांची पांढरी बाही पुन्हा चौथ्या कमानीच्या गिलाव्यात अडकली होती, आणि ते ती ओढत होते.

"जपून, बाबा," ती वरून म्हणाली. "मूळची नाही ती. पण लागते."