बारा ते दोन, घर रिकामं

गुन्हेशास्त्राच्या सरांनी घरफोडीचा एक निकाल लागलेला खटला घ्यायला सांगितला होता. त्याला दोन सिद्धांत लावायचे, एक ताणाचा आणि एक दिनक्रमाचा, आणि कुठला कुठे तोकडा पडतो ते दाखवायचं. वर्गातल्या बाकीच्यांनी जुनी वर्तमानपत्रं उपसली. मी माझ्या दादाचा खटला घेतला. नावं गाळायचीच होती, मग कुणाला काय कळणार होतं!

आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. दादा तुरुंगात गेल्यापासून मी एकटीच. एकटीसाठी भात शिजवायचा कंटाळा येतो, म्हणून सकाळचाच रात्री खाते. गप्पा मारायची सवय मात्र सुटत नाही, मग भिंतीशी बोलते. भिंतीला तेवढा मान आहे आमच्या घरात.

पहिल्या मसुद्यात मी ताणाच्या सिद्धांतावर सात पानं लिहिली. स्वतःचं घर, चांगली नोकरी, ही स्वप्नं समाज सगळ्यांना दाखवतो, पण तिथवर जाणारे सरळ रस्ते सगळ्यांना सारखे देत नाही. गोदामात यंत्रं आली, दादाची नोकरी गेली. स्वप्न तेच राहिलं, वाट तेवढी वाकडी झाली. लिहिताना फार बरं वाटत होतं. दोष गोदामाचा, दोष समाजाचा. दिनक्रमाचा सिद्धांत मी अर्ध्या पानात उरकला.

सरांनी मसुदा परत दिला. समासात लाल शाईत लिहिलं होतं, ‘कागदपत्रांप्रमाणे आरोपीला एक बहीण आहे. तोच ताण तिच्यावरही होता. तिने चोरी का केली नाही? आणि तेच घर, तीच वेळ का?’ बहीण समोर उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दिनक्रमाचा सिद्धांत चोराच्या मनात शिरतच नाही. चोरी करायला तयार माणूस असणारच, हे तो गृहीत धरतो. असा माणूस, उचलण्याजोगी वस्तू, आणि राखण करणारं कुणीही नसणं, या तीन गोष्टी एका वेळी एका जागी जुळल्या की गुन्हा घडतो, इतकंच तो म्हणतो. राखणदार म्हणजे पोलीसच असं नाही, खिडकीत बसलेली शेजारीणही चालते. तेव्हा मला उत्तर द्यायचं होतं ते एवढंच, की त्या घरात बारा ते दोन कुणी नसतं हे दादाला कसं कळलं.

जबाबात त्याने सांगितलं होतं की तीन दिवस समोरच्या फुटपाथवरून पाळत ठेवली. ते तीन दिवस दादा तापाने फणफणला होता आणि कपाळावरच्या ओल्या घड्या मी बदलत होते.

त्या घरातल्या मुलीला मी गणित शिकवायचे, चोरीनंतरही; चोर माझाच भाऊ हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. दादा नोकरी गेल्यापासून गप्प गप्प असायचा, म्हणून त्याला हसवायला मी जेवताना त्या घराच्या गमती सांगायचे. त्या घरच्या बाई बाराला मुलीला शाळेतून आणायला निघतात आणि दोनशिवाय परतत नाहीत, शेजारचे दिवसभर कामावर, आणि लॅपटॉप सोफ्यावर तसाच लोळत असतो. तयार माणूस समोर जेवत होता, उरलेल्या दोन्ही गोष्टी मीच त्याच्या ताटात वाढल्या होत्या.

भेटीच्या दिवशी काचेपलीकडच्या दादाला मी फोनवर सगळं सांगितलं. म्हटलं, माहिती कुठून मिळाली ते मी खरं लिहिणार आहे, आणि बाईंनाही सांगणार आहे.

तो म्हणाला, “तू सांगितलं नसतंस तरी मी कुठेतरी गेलोच असतो.”

“कुठेतरी. पण त्यांच्याकडे नाही.”

“मी खोटं बोललो ते आपल्यातलं एक तरी धड राहावं म्हणून,” तो म्हणाला. “तू ते वाया घालवू नकोस, छोटे.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी फोन ठेवला.

तरी मी लिहिलं. ताणाने दादा तयार का झाला ते कळतं, पण तोच ताण सोसणारी मी का नाही, हे कळत नाही. दिनक्रमाने घर आणि वेळ कळते, पण तो तयार का झाला ते कळत नाही. माहितीचा स्रोत म्हणून लिहिलं, ‘आरोपीची बहीण, म्हणजे मी.’ सरांनी वाचून चष्मा काढला आणि हळू आवाजात विचारलं की घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, मीच.

बाईंनी दारातच ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, फक्त मुलीला आत जायला सांगितलं आणि दार लावलं. शिकवणी गेली. दोन दिवसांत आणखी दोन घरांनी शिकवायला यायला नको म्हणून कळवलं.

पुढच्या भेटीला गेले तर शिपायाने वहीत पाहून सांगितलं की तुमच्या भावाने भेट नाकारली आहे. मी विचारलं, तब्येत बरी आहे ना? तो म्हणाला, “बरी आहे. यायचं नाही म्हणतो.” भेटीची वेळ अर्धा तास होती. ती संपेपर्यंत मी तिथेच बाकावर बसून राहिले.